कागदावर एक्झुडेट, मुळात ट्रान्सुडेट: दिंडोरीच्या एका रुग्णाच्या छातीतलं पाणी

लॅबच्या रिपोर्टच्या तळाशी निष्कर्ष छापला होता: ‘लाइट्स क्रायटेरियानुसार एक्झुडेट’, म्हणजे फुफ्फुसाचा पडदा सुजल्यामुळे साचलेलं पाणी. त्याच्या वरच्या ओळीत पांढऱ्या पेशींपैकी ७२ टक्के लिम्फोसाइट. आपल्याकडे या दोन ओळी एकत्र दिसल्या की टीबीचं नाव पुढे येतं आणि बऱ्याचदा त्याच संध्याकाळी टीबीच्या औषधांची एकेटी सुरू होते. या रुग्णाच्या बाबतीत ती सुरू केली नाही. का केली नाही आणि कोणत्या आकड्यांवर हा निर्णय घेतला, ते इथे लिहितो आहे.

रुग्ण ६६ वर्षांचे, दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. घरातले सगळे त्यांना आबा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका, अँजिओप्लास्टी, त्यानंतर हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्क्यांच्या आसपास. डिसेंबरअखेर ते नाशिकला आमच्याकडे आले. तीन आठवड्यांपासून धाप, आडवं झालं की जास्त. मुलाने सांगितलं, संध्याकाळी अंग कोमट लागतं. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि लघवी वाढवणारी टोर्सेमाइडची २० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली होती. दहा दिवस झाले तरी धाप पूर्ण गेली नाही. एक्स-रेमध्ये उजव्या छातीत अर्ध्यापर्यंत पाणी दिसलं, तेव्हा त्यांनी चिठ्ठी दिली: उजव्या बाजूचं प्लुरल इफ्यूजन, टीबी असावा, कृपया पाहावे.

संशय अवाजवी नव्हता. एकाच बाजूला पाणी, ताप असल्याची तक्रार, तीन आठवड्यांचा आजार. टीबीचा विचार न करणारा डॉक्टर इथे विरळाच.

पण विचारपूस करताना आणखी दोन गोष्टी निघाल्या. द्राक्षांच्या थिनिंग-डिपिंगच्या दिवसांत कंबर धरली म्हणून आबांनी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून महिनाभर रोज घेतलं होतं. आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून हृदयाच्या गोळ्यांपैकी दोन दिवाळीपासून बंदच होत्या. अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोरही कमी करतात. पंपिंग ३० टक्के असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

तिसरी गोष्ट मुलगा बोलता बोलता म्हणून गेला. “पायाला सूज होती ना डॉक्टर, पण ती त्या गोळीने उतरली. वजन पण तीन किलोनं कमी झालंय.”

पुढचं सगळं प्रकरण या वाक्यावर फिरतं. आमच्यासमोर बसलेल्या रुग्णाच्या पायावर सूज नव्हती, म्हणून हार्ट फेल्युअर डोळ्यांत भरत नव्हतं. गोळीने सूज उतरवली होती, आणि छातीतल्या पाण्याचं रसायनही त्याच गोळीने बदललं होतं.

पाणी तपासायचं की नाही

हार्ट फेल्युअरमध्ये छातीत पाणी होतं तेव्हा प्रत्येक वेळी सुई घालायची गरज नसते. दोन्ही बाजूंना साधारण सारखं पाणी, ताप नाही, श्वास घेताना टोचल्यासारखं दुखत नाही, हृदय मोठं, असं चित्र असेल तर आधी लघवीचं औषध द्यावं आणि तीन-चार दिवस वाट पाहावी. बहुतेकांचं पाणी त्याने कमी होऊ लागतं. पाणी एकाच बाजूला असेल, दोन्ही बाजूंत मोठी तफावत असेल, ताप किंवा टोचणारं दुखणं असेल, किंवा औषधाने फरकच पडत नसेल, तर मात्र तपासलंच पाहिजे.

आबांच्या गळ्याची शीर फुगलेली होती, हृदयात तिसरा ठोका ऐकू येत होता. सोनोग्राफीत डावीकडेही पाण्याचा पातळ थर दिसला, जो एक्स-रेत कळला नव्हता. म्हणजे पाणी दोन्हीकडे होतं, पण उजवीकडे कितीतरी जास्त. हृदयामुळे होणारं पाणी जेव्हा एका बाजूला जास्त असतं तेव्हा ते बहुधा उजवीकडेच असतं, त्यामुळे हे हृदयाशी जुळत होतं. तरीही तफावत मोठी होती, दहा दिवसांची गोळी पोटात गेली होती आणि तापाची तक्रार होती. म्हणून टॅप करायचं ठरलं.

सोनोग्राफीखाली, आबांना बसवून, पाठीच्या बाजूने सुई घातली. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून आत जाते, कारण रक्तवाहिन्या आणि नस वरच्या बरगडीच्या खालच्या काठाला चिकटून धावतात. पाणी पिवळसर आणि स्वच्छ निघालं. या रंगावरून काही ठरवू नये. टीबीचं पाणी असंच दिसतं, हृदयाचंही असंच. रंग उपयोगी पडतो तो पू, रक्त किंवा दुधाळ पाणी आलं तर.

धाप असल्याने तपासणीपुरतं न थांबता ८०० मिली काढलं. तेवढ्यावर मुलाने विचारलं, “एवढं घातलंच आहे आत, तर सगळंच काढून टाका ना!” एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे जात नाहीत, कारण दबलेलं फुफ्फुस झपाट्याने फुललं तर त्यातच पाणी भरू शकतं. आकड्यापेक्षा रुग्णाकडे लक्ष ठेवणं जास्त महत्त्वाचं. खोकल्याची उबळ आली, छातीत आवळल्यासारखं वाटलं की दीड लिटर व्हायच्या आधीच थांबायचं. आबा ८०० मिलीला खोकू लागले, तिथेच थांबलो.

त्याच वेळी रक्ताचा नमुनाही घेतला, आणि फॉर्मवर पाणी आणि रक्त दोन्हींतलं अल्ब्युमिन वेगळं लिहून मागवलं. लॅबच्या ‘प्लुरल फ्लुइड रूटीन’मध्ये अल्ब्युमिन सहसा नसतं. मागितलं नाही तर येत नाही.

आकडे काय म्हणत होते

| तपासणी | पाण्यात | रक्तात |
|---|---|---|
| एकूण प्रथिनं (ग्रॅम/डेसिलिटर) | ३.५ | ६.८ |
| एलडीएच (युनिट/लिटर) | १७२ | ३१० |
| अल्ब्युमिन (ग्रॅम/डेसिलिटर) | १.९ | ३.६ |

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये थोडं पाणी सतत पाझरतं आणि लसीकावाहिन्यांतून तितकंच शोषलं जातं. पडदा धडधाकट आहे पण हृदयामुळे रक्तवाहिन्यांतला दाब वाढला, किंवा यकृत-मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातलं अल्ब्युमिन घटलं, तर पडद्यातून मुख्यतः पाणीच गळतं, प्रथिनं मागे राहतात. हे ट्रान्सुडेट. टीबी, न्यूमोनिया, कर्करोग यांत पडदाच सुजतो, प्रथिनं आणि पेशींतले एलडीएचसारखे घटकही पाण्याबरोबर बाहेर येतात. हे एक्झुडेट. ट्रान्सुडेट ठरलं तर पडद्याच्या मागे लागण्याचं कारण नाही, हृदय-यकृत-मूत्रपिंडाकडे वळायचं. एक्झुडेट ठरलं तर कारण सापडेपर्यंत थांबता येत नाही.

ही फोड करण्यासाठी रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेले निकष आजही वापरात आहेत. पाण्यातली प्रथिनं रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त, पाण्यातलं एलडीएच रक्तातल्याच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा पाण्यातलं एलडीएच रक्तातल्या सामान्य कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून जास्त. तिन्हींपैकी एक जरी लागू पडलं तरी एक्झुडेट.

आबांचं प्रथिनांचं गुणोत्तर ०.५१ आलं. एलडीएचचं ०.५५, म्हणजे मर्यादेच्या आत. आमच्या लॅबची रक्तातल्या एलडीएचची कमाल मर्यादा २५०, तिचे दोन तृतीयांश १६७, आणि पाण्यात १७२. तिन्हींपैकी दोन निकष लागू पडले, पण दोन्ही केसभराने. संगणकाला ०.५१ आणि ०.८ यांत फरक दिसत नाही, तो दोन्हींना एक्झुडेटच छापतो. डॉक्टरला तो फरक दिसला पाहिजे.

हे निकष मुद्दामच एका बाजूला झुकवलेले आहेत. खरं एक्झुडेट हातून सुटू नये म्हणून जाळं बारीक विणलं गेलं, आणि त्याची किंमत अशी की खऱ्या ट्रान्सुडेटपैकी साधारण चौथा हिस्सा एक्झुडेट म्हणून नोंदला जातो. त्यात मोठा वाटा लघवीचं औषध चालू असलेल्या हृदयरुग्णांचा. औषधाने पडद्यांमधलं पाणी लवकर ओढलं जातं, पण प्रथिनं आणि एलडीएचचे मोठे रेणू तितक्या वेगाने निघत नाहीत. बासुंदी आटवताना होतं तेच इथे होतं, पाणी उडतं आणि उरलेलं घट्ट होतं. दहा दिवसांत तीन किलो वजन उतरलेल्या माणसाच्या छातीतलं पाणी घट्ट झालं तर नवल नाही.

अशा वेळी गुणोत्तर बाजूला ठेवून वजाबाकी करायची. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं वजा केलं: ३.६ उणे १.९, म्हणजे १.७. हा फरक १.२ पेक्षा जास्त असेल तर पाणी मुळात ट्रान्सुडेट असण्याचीच शक्यता मोठी. अल्ब्युमिन उपलब्ध नसेल तर एकूण प्रथिनांची वजाबाकीही चालते, तिथे सीमा ३.१. आबांची ६.८ उणे ३.५, म्हणजे ३.३. दोन्ही वजाबाक्या एकाच बाजूला गेल्या.

मग लाइटचे निकष सोडून सरळ वजाबाकीच का करू नये, असं निवासी डॉक्टर नेहमी विचारतात. कारण ती पहिली चाळणी म्हणून वापरली तर बरीच खरी एक्झुडेट ट्रान्सुडेटमध्ये ढकलली जातात, आणि त्यांत कर्करोग किंवा टीबी असू शकतो. वजाबाकी वापरायची ती निकष थोडक्याने ओलांडले गेले आहेत आणि समोरचं चित्र हृदयाचंच आहे, अशा वेळी. आबांच्या पाण्यात एलडीएच ९०० आलं असतं, तर अल्ब्युमिनचा फरक कितीही असो, मी तो मानला नसता.

आकडे वाचण्याआधी नमुना कसा घेतला गेला हेही पाहावं लागतं. सुईमुळे पाण्यात रक्त मिसळलं तर तांबड्या पेशींतलं एलडीएच पाण्यात येतं आणि आकडा फुगतो. उलट रक्ताच्या नमुन्यात पेशी फुटल्या तर रक्तातलं एलडीएच वाढतं आणि गुणोत्तर खोटं खाली येतं. आबांच्या पाण्यात तांबड्या पेशी नगण्य होत्या, रक्ताचा नमुनाही ठीक होता. रक्तातलं ३१० हे बहुधा सुजलेल्या यकृताचं.

लिम्फोसाइट आणि एडीए

आता त्या ७२ टक्क्यांचं. लिम्फोसाइट जास्त म्हणजे टीबी, हे अर्धंच खरं आहे. हृदयामुळे साचलेल्या जुन्या पाण्यातही एकूण पेशी कमी असतात आणि त्यांत लिम्फोसाइटच जास्त असतात. आबांच्या पाण्यात एकूण पांढऱ्या पेशी ४८० होत्या. टीबीच्या पाण्यात पेशी सहसा याहून कितीतरी जास्त असतात, आणि प्रथिनं बहुधा ४ च्या वर, पुष्कळदा ५ च्याही वर जातात. साडेतीन प्रथिनं आणि ४८० पेशी ही टीबीची ठेवण नव्हे.

टीबीच्या पाण्यात वाढणारं एन्झाइम एडीए १६ आलं. लिम्फोसाइट जास्त असलेल्या एक्झुडेटमध्ये ४० च्या वर गेलं तर आपल्या भागात टीबीची शक्यता खूप वाढते. पण पू झालेल्या पाण्यात, संधिवाताच्या आजारात आणि लिम्फोमातही एडीए वाढतं, म्हणून पेशींची मोजणी शेजारी ठेवूनच ते वाचायचं. वयस्कर रुग्णात टीबी असूनही एडीए थोडं कमी येऊ शकतं, त्यामुळे ३५ आलं असतं तर मी निश्चिंत झालो नसतो. १६ वेगळं. टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं सीबीनॅटही निगेटिव्ह होतं, पण त्याला मी फारसं वजन दिलं नाही. प्लुरल पाण्यात जंतू फार विरळ असतात आणि सीबीनॅट अनेकदा चुकवतं. पॉझिटिव्ह आलं असतं तर प्रश्नच मिटला असता, निगेटिव्हने काही मिटत नाही.

ताप? वॉर्डमध्ये दर चार तासांनी मोजला. ९९ फॅरनहाइटच्या वर एकदाही गेला नाही. घरी थर्मामीटर लावलाच नव्हता.

हृदयाची बाजू पक्की करायला हृदयावर ताण आला की वाढणारं रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी केलं, ६,२०० आलं. हेच पाण्यातही मोजता येतं आणि १,५०० च्या वर असेल तर हृदयाकडे बोट जातं. पण रक्तातला आणि पाण्यातला आकडा एकमेकांना धरूनच चालतात, त्यामुळे एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे घेण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी गावच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “सर, सगळं पटतंय. पण एकेटी देऊन तर बघायला काय हरकत आहे?”

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. हृदयामुळे यकृत आधीच सुजलेलं, वय ६६, त्यावर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड एकत्र म्हणजे काविळीला आमंत्रण. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं लवकर मोडायला लावतं, त्यात आबांचं मेटोप्रोलॉल आणि स्टॅटिनही आलं. याहून मोठी अडचण पुढची आहे. एकेटीबरोबर लघवीची गोळी चालूच राहिली असती, पाणी उतरलं असतं, श्रेय एकेटीला गेलं असतं. सहा महिने चुकीचा इलाज चालला असता आणि तो चुकीचा आहे हे कळायला वावच उरला नसता. ‘देऊन बघू’ हे तेव्हाच ठीक, जेव्हा बघितल्यावर काही कळणार असतं.

नळी घालायची वेळ कधी आली असती

मुलाचा दुसरा प्रश्न नळीचा होता. शेजारच्या कुणाला छातीत नळी घातली होती, मग आबांना का नको? त्या शेजाऱ्याच्या छातीत न्यूमोनियानंतर पू झाला होता, हे नंतर कळलं.

नळी घालायची की नाही हे पाणी किती आहे यावर ठरत नाही, ते कसलं आहे यावर ठरतं. पू निघाला, ग्रॅम स्टेनमध्ये किंवा कल्चरमध्ये जंतू दिसले, किंवा न्यूमोनियाच्या रुग्णात पाण्याचा पीएच ७.२ किंवा त्याखाली आला, तर नळी लागते. पीएच करता येत नसेल तर पाण्यातली साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली असणं हा जवळचा पर्याय. जंतुसंसर्गात जंतू आणि पेशी साखर खातात, आम्ल तयार होतं, आणि असं पाणी नुसत्या अँटिबायोटिकने सहसा सुकत नाही, त्यात जाळ्या पडतात. सोनोग्राफीत जाळ्या दिसायला लागल्या तर आणखी थांबण्यात धोका.

पीएचच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे. तो लिटमस पट्टीवर किंवा साध्या पीएच मीटरवर मोजला तर भरवसा ठेवू नये. पाणी हेपरिन लावलेल्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न राहू देता घ्यायचं आणि लगेच आयसीयूतल्या ब्लड गॅस मशीनवर लावायचं. हवा शिरली तर पीएच खोटा वर जातो, आणि नळी लागणारा रुग्ण तसाच राहतो. सिरिंजमध्ये भूल देण्याचं औषध उरलं असेल तर उलट खोटा खाली येतो, कारण लिग्नोकेन आम्लधर्मी असतं. म्हणून भुलीची सिरिंज आणि नमुन्याची सिरिंज वेगळी. पू दिसतच असेल तर मात्र पीएच करूच नये. निर्णय झालेलाच असतो आणि मशीन विनाकारण तुंबतं.

आबांच्या पाण्याचा पीएच ७.४४, साखर १०४, ग्रॅम स्टेन स्वच्छ, जाळ्या नाहीत. अशा पाण्यात नळी घातली असती तर प्रथिनं वाहून गेली असती, जंतुसंसर्गाला वाट मिळाली असती, आणि हृदयाचा दाब तसाच असल्याने पाणी भरतच राहिलं असतं.

पुढे काय झालं

डायक्लोफेनॅक बंद केलं. लघवीचं औषध फ्युरोसेमाइड शिरेतून, रोज वजन आणि लघवीचं मोजमाप. हृदयाच्या बंद पडलेल्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांनी हळूहळू पुन्हा सुरू केल्या. लोणचं-पापडावर चर्चा झाली, ती दर वेळी होते. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत उजवीकडचं पाणी निम्म्याने कमी, डावीकडचा थर दिसेनासा झाला. आबा उशी एकच घेऊन झोपू लागले.

सायटोलॉजीत कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. एका नमुन्याच्या सायटोलॉजीत कर्करोगाच्या साधारण साठ टक्केच रुग्णांत अशा पेशी सापडतात, म्हणून तिच्यावर फाइल बंद करता येत नाही. हृदयरुग्णाला दुसरं काही होत नाही असंही नाही. फुफ्फुसात गुठळी जाऊ शकते, गाठ असू शकते, आणि हार्ट फेल्युअरच्या आड ती लपते. त्यामुळे खरी परीक्षा पाणी औषधाने जातं का आणि गेलेलंच राहतं का, ही होती.

दोन आठवड्यांनी एक्स-रेत उजवा कोपरा किंचित बोथट होता, सहा आठवड्यांनी तोही मोकळा झाला. टीबीचं द्रव माध्यमातलं कल्चर ४२ दिवसांनी निगेटिव्ह आलं.

गावच्या डॉक्टरांना पाठवलेल्या चिठ्ठीत तीन गोष्टी लिहिल्या. वेदनाशामक म्हणून लागलंच तर पॅरासिटामॉल द्यावं. सकाळचं वजन दोन दिवसांत दोन किलोने वाढलं तर लगेच कळवावं. आणि औषधं नीट चालू असताना पाणी पुन्हा उजवीकडेच साचलं, तर हृदयाचं म्हणून सोडू नये. तेव्हा पुन्हा टॅप, कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास थोराकोस्कोपी करून पडद्याचा तुकडा तपासायचा.